चिकनगुनियानंतर सहा आठवडे झाले, आईचे सांधे धरलेलेच. रोज पेनकिलर देत राहू का?

सायली_प | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आई ६३ वर्षांची, बार्शीला असते, मी पुण्यात. २८ ऑगस्टला तिला सणकून ताप आला. तीन दिवसांत उतरला, मग अंगावर पुरळ आलं. सातव्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा चिकनगुनिया आयजीएम पॉझिटिव्ह आणि डेंग्यू निगेटिव्ह आलं.

ताप गेला, पण सांधे काही सुटत नाहीत. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. टाचा जमिनीला टेकवत नाही, भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते. तांब्या उचलताना मनगटात कळ येते. कणीक मळणं तर बंदच आहे, शेजारच्या काकू पोळ्या देतात. दुपारनंतर जरा बरी असते. तिथल्या एका दवाखान्यात दोनदा इंजेक्शन दिलं. दोन्ही वेळेला तीन दिवस एकदम ठणठणीत, चौथ्या दिवशी पुन्हा होतं तिथंच. आता तीन आठवडे दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, शिवाय तापाची गोळी.

दोनच प्रश्न आहेत. हे किती दिवस चालतं? आणि ही गोळी अशी रोज चालू ठेवली तर चालेल का?

---

नुसताच_वाचक | रात्री ९:५२

वाचतोय. आमच्याकडेही हेच, फक्त पेशंट मी आहे आणि बायकोचा विश्वास बसत नाही.

---

तात्या_नागपूर | रात्री १०:१५

सायलीताई, २०२४ला आमच्या नागपुरात घरोघरी हेच होतं. मला, बायकोला, वरच्या मजल्यावरच्या पांडेंना, सगळ्यांना एकाच पंधरवड्यात. पांडेंचं महिन्यात गेलं, बायकोचं तीन महिन्यांत, माझं मात्र आठ महिने चाललं बाप्पा. बायकोच्या नाकावर काळा डागही आला होता, तो आपोआप गेला.

माझा सल्ला असा की आयजीएम पुन्हा करून पहा. माझं अडीच महिन्यांनीही पॉझिटिव्हच होतं, म्हणजे विषाणू आत होता. तो सांध्यात घर करून बसतो. निगेटिव्ह येईपर्यंत दुखणं जात नाही.

---

मीनल_गोवा | रात्री १०:३१

निर्गुंडीचा पाला पाण्यात उकळून त्यात हात-पाय बुडवून बसायला सांग. माझ्या सासूबाईंना सकाळी त्यानेच मोकळं वाटायचं. पाल्याचा गुण की गरम पाण्याचा, ते मला विचारू नका.

---

औषधवाला | रात्री १०:४८

मी मेडिकल चालवतो, २२ वर्षं झाली. ताई, आधी त्या गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचून दाखवा. नाव नको, आत काय आहे ते बारीक अक्षरात असतं, ते हवंय. आमच्या काउंटरवर 'दुखण्याची गोळी' म्हणून जे जातं त्यात निम्म्या वेळा दोन औषधं एकत्र असतात आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

दुसरं म्हणजे, त्या इंजेक्शनची चिठ्ठी आहे का? तीन दिवस उड्या आणि चौथ्या दिवशी अंथरूण, ही कहाणी मी आठवड्यातून चारदा ऐकतो.

---

स्वानंद७१ | रात्री ११:०५

चिकनगुनियात पॅरासिटामॉल सोडून कुठलीही पेनकिलर घ्यायची नसते. रक्तस्राव होतो. सरकारी पोस्टरवरही लिहिलेलं असतं. ती गोळी ताबडतोब बंद करा, आणि प्लेटलेट तपासा. पपईच्या पानांचा रस द्या.

---

स्टेथो | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. इथल्या लिहिण्यावरून कुणाचा उपचार ठरवता येत नाही, पण काही गाठी सोडवता येतील.

स्वानंदराव, पोस्टरवरचं बरोबर आहे, पण ते तापाच्या दिवसांसाठी. चिकनगुनिया आणि डेंग्यू एकाच जातीच्या डासांनी पसरतात, सुरुवातीला दिसतातही सारखेच, आणि कधी दोन्ही एकत्र असतात. डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा डिक्लोफिनॅकसारखी गोळी घातली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. सहा आठवड्यांनी ते कारण उरत नाही. प्लेटलेट आणि पपईचाही आता इथं काही संबंध नाही. मात्र त्या गोळ्या बंद करायला दुसरं कारण असू शकतं, त्यासाठी औषधवाल्यांनी विचारलेलं उत्तर मला हवंय.

तात्या, आयजीएम म्हणजे विषाणू नव्हे, तो येऊन गेल्याची शरीराने केलेली नोंद. ती काही महिने पॉझिटिव्ह राहते. दुखणं गेलेल्या माणसातही राहते. पुन्हा तपासून आठशे-हजार रुपये घालवण्यापलीकडे हाती काही लागत नाही. मात्र तुमचं अगदीच चूक म्हणणार नाही. रक्तातून विषाणू आठवडाभरात जातो, पण सांध्याच्या अस्तरात त्याचे अवशेष रेंगाळत असावेत आणि शरीर त्यांच्याशी भांडत राहत असावं, असा एक विचार आहे. जिवंत विषाणू की नुसते अवशेष, यावर एकमत नाही.

सायलीताई, किती दिवस, याचं उत्तर तात्यांच्या इमारतीतच आहे. पहिल्या तीन आठवड्यांत बरेच जण उठतात. तीन महिन्यांपर्यंत आणखी बरेच. त्यापुढे रेंगाळणारे थोडे, पण ते असतात, आणि त्यांत बायका, पन्नाशीच्या पुढचे आणि आधीपासून गुडघे-बोटं दुखणारे जास्त. सहाव्या आठवड्यात टाच, मनगट, बोटं आखडणं हे अगदी ठरलेलं चित्र आहे. आणि उतार सरळ नसतो. चार दिवस बरे, मग ढग आले किंवा जास्त काम झालं की दोन दिवस वाईट. म्हणून कालच्याशी तुलना करू नका, तीन आठवड्यांपूर्वीच्या सकाळशी करा. तेव्हा मूठ वळायला किती वेळ लागायचा आणि आता किती?

आईंना आणखी कोणती औषधं चालू आहेत?

---

सायली_प | सकाळी ९:१०

आईकडून व्हिडिओ कॉलवर पाकीट वाचून घेतलं. ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. दिवसातून दोन. शिवाय ६५०ची पॅरासिटामॉल तीन वेळा, तिच्या मनाने. म्हणजे पॅरासिटामॉल दोनदा जातंय?? मला माहीतच नव्हतं.

बीपीची एकच गोळी आहे, टेल्मिसार्टन ४० आणि त्यातच पाण्याची गोळी. मधुमेहाला मेटफॉर्मिन. वजन ५४ किलो. मूठ वळायला सप्टेंबरमध्ये दोन तास लागायचे, आता तास.

इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर नाही. पण दुसऱ्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी साखर २८६ आली होती, एरवी १४०-१५० असते. मला वाटलं आजारामुळे असेल.

अजून एक, पायांवर सूज आहे आणि बीपी १६० झालंय. दवाखान्यात म्हणाले, बीपीची गोळी वाढवू.

---

औषधवाला | सकाळी ९:३४

साखर २८६ म्हणजे त्या सुईत स्टेरॉइड असणार, पैज लावतो. बहुधा सोबत डिक्लोफिनॅक. आमच्या भागात याला लोक 'जादूची सुई' म्हणतात. दुकानदार म्हणून कबूल करतो, ॲसिक्लोफिनॅकचं पाकीट आम्हीही चिठ्ठीशिवाय देतो. गिऱ्हाईक रांगेत कळवळत असतं आणि चिठ्ठी मागितली की शेजारच्या दुकानात जातं.

---

स्टेथो | दुपारी १:१५

आधी पॅरासिटामॉलचा हिशेब करू, कारण भीती तिथे आहे आणि धोका तिथे नाही. ६५०च्या तीन म्हणजे १९५०, त्यात ३२५च्या दोन म्हणजे ६५०. एकूण २६०० मि.ग्रॅ. आईंच्या वयाला आणि वजनाला मी दिवसाला ३००० ची रेघ धरतो. यकृताचा आजार किंवा दारू असेल तर रेघ आणखी खाली. म्हणजे त्या रेघेच्या आत आहेत, पण नकळत, आणि सर्दीची एखादी गोळी वाढली असती तर ओलांडली असती. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच.

धोका ॲसिक्लोफिनॅकमध्ये आहे, आणि तोही बीपीच्या गोळीसोबत. मूत्रपिंड म्हणजे गाळणी, आणि गाळायला दाब लागतो. या जातीची पेनकिलर गाळणीत येणारी वाट अरुंद करते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल सोडतं. पाण्याच्या गोळीने मुळात अंगातलं पाणी कमी केलेलं असतं. तिन्ही मिळून दाब उरत नाही. एकेकटं औषध बहुतेकांना सोसतं, तिन्ही एकत्र तीन आठवडे म्हणजे खेळ. शिवाय याच पेनकिलरने अंगात मीठ-पाणी साठतं, पाय सुजतात, बीपी चढतं. मग बीपीची गोळी वाढते. औषधाने केलेल्या दुखण्यावर दुसरं औषध.

त्यामुळे ॲसिक्लोफिनॅक आजपासून नको, आणि आज-उद्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीची तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, ते त्यांना ठरवू द्या. लघवी कमी झाली, काळं शौचाला झालं किंवा दम लागला तर तपासणीचीही वाट पाहू नका.

---

ढोलवाला_सदाशिव | दुपारी २:०२

सगळे स्टेरॉइडला खलनायक करताय, मी उलटं सांगतो. गेल्या साली मला चिकनगुनिया झाला, अडीच महिने ढोल सोडा, शर्टाची बटणं लागत नव्हती. बोटं सॉसेजसारखी. पॅरासिटामॉलने शष्प फरक पडला नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन १० मि.ग्रॅ. सुरू केलं आणि चार आठवड्यांत कमी करत बंद केलं. आठवड्याभरात बटणं लागली. नंतर पुन्हा उसळलं नाही. तेच औषध ना?

---

स्टेथो | दुपारी ३:४०

घराणं तेच. पण तुमच्या डॉक्टरांनी सुजलेले सांधे पाहिले, छोटा डोस दिला, पायरी-पायरीने उतरवला. सुईत एकदम मोठा डोस जातो, ओसरला की दुखणं व्याजासकट परत येतं, माणूस पुन्हा सुई मागतो. तापाच्या दिवसांत तर स्टेरॉइड नकोच. पुढे, खरी सूज असेल तर मीही देतो. मधुमेह असताना सहाव्या आठवड्यात द्यावं की अजून महिनाभर थांबावं, यावर माझा आणि माझ्या मित्राचाच वाद आहे. तो देतो, मी थांबतो.

---

तात्या_नागपूर | दुपारी ४:१०

आयजीएमचे माझे दोनदा पैसे गेले मग. लॅबवाला माझाच साडू आहे, त्याला हा धागा पाठवून राहिलो.

---

प्रभाकर_बार्शीकर | रात्री ८:२५

सायली, तू बार्शीची म्हणून लिहितो. बार्शीला हा आजार नवा नाही. १९७३ साली इथे चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, मी तेव्हा सातवीत. आमच्या वाड्यात एकाच वेळी अकरा जण आडवे. माझी आजी ओणवी चालायची, आम्ही पोरं तिची नक्कल करून मार खायचो. पुढे कळलं की या आजाराचं नावच आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, वाकवून टाकणारा अशा अर्थाचं. म्हणजे आम्ही पोरांनी बरोबर नक्कल केली होती. नंतर इथे कित्येक वर्षं कुणाला हा आजार आठवतही नव्हता, २००६ला पुन्हा आला.

आजी दिवाळीला सरळ झाली. तेव्हा गोळ्या नव्हत्या फारशा. सकाळी ऊन पाणी, आणि आई तिच्या हातात कापसाचा बोळा देऊन दाबायला लावायची.

---

रेश्मा_ठाणे | रात्री ९:००

आमच्या सोसायटीत धूरफवारणी महिन्यातून एकदाच करतात, त्याबद्दल कुठे तक्रार करायची?

---

नुसताच_वाचक | रात्री ९:०४

रेश्माताई, धूर इकडे नाही, इकडे सांध्यांचा धूर निघालाय. पण कुंडीखालच्या बशा आणि टाकीचं झाकण आधी बघा, हे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

---

हर्षदा_फिजिओ | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

बार्शीकर काकांची आई हुशार होती. मी असंच सांगते, पण कापूस की मऊ स्पंज ते महत्त्वाचं, कडक चेंडू नको. सकाळी कोमट पाण्यात हात दहा मिनिटं, पाण्यातच मूठ उघडमीट, मग पावलं वर-खाली. दुखणं थोडं वाढलं आणि तासाभरात खाली आलं तर ठीक, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर जास्त झालं असं समजायचं. पूर्ण झोपून राहिलात तर सांधे आणखी आखडतात. उलट, बरं वाटलेल्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकणं ही बायकांची हमखास चूक. ओले कपडे पिळणं आणि कुकरचं झाकण सध्या दुसऱ्या कुणाला द्या. घरात अनवाणी नको, मऊ चपला घाला, टाचेला फरक पडतो.

आणि रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात का विचारा. मनगटातली सूज तिथली नस दाबते. तसं असेल तर मनगटाला रात्री पट्टा लागतो, आणि डॉक्टरांना सांगायला हवं.

---

मीनल_गोवा | सकाळी ८:१५

हर्षदा, म्हणजे गरम पाण्याचाच गुण ना. सासूबाईंना सांगत नाही.

---

सायली_प | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.५, जूनमध्ये ०.९ होतं. पोटॅशियम ५.३. सोलापूरला नेऊन दाखवलं. त्यांनी ॲसिक्लोफिनॅक बंद, पाण्याचा भाग नसलेली बीपीची वेगळी गोळी तात्पुरती दिली, मेटफॉर्मिन अर्धी केली. दहा दिवसांनी पुन्हा तपासणी. दुखण्यासाठी ६५० पॅरासिटामॉल दिवसातून चार, सहा तासांच्या अंतराने, दुखो न दुखो ठरल्या वेळेला. पहिली पहाटे, उठायच्या आधी अर्धा-पाऊण तास. वर मनगटाला लावायला डिक्लोफिनॅकचं मलम, तेही थोडंच आणि एका जागी.

आईचं म्हणणं, साधी तापाची गोळी देऊन बोळवण केली. इंजेक्शनवाले डॉक्टर चांगले होते.

---

औषधवाला | रात्री ८:०५

सगळ्यांच्याच आया असं म्हणतात. गोळी दुखल्यावर घेतली की ती धावत मागून येते. वेळेवर घेतली तर आधी पोचलेली असते. आठवडा द्या. आणि ताई, एक विनंती. कुणी 'आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही' म्हणून बिननावाची काळी पुडी दिली आणि ती दोन दिवसांत जादू करायला लागली, तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

---

स्वानंद७१ | रात्री ८:४०

म्हणजे गोळी बंद करा हे मीच पहिल्यांदा म्हणालो होतो.

---

स्टेथो | रात्री ९:२०

म्हणाला होतात. कारण चुकीचं होतं, निकाल बरोबर.

---

ढोलवाला_सदाशिव | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या ओळखीच्या चौघांना दिली होती. त्यातल्या तिघांना गुण.

---

स्टेथो | दुपारी २:३०

ती आपल्याकडे बरीच लिहिली जाते. पण चिकनगुनियाच्या सुरुवातीच्या दिवसांत क्लोरोक्विन देऊन रियुनियन बेटावर चाचणी झाली होती, तीत फायदा दिसला नाही. रेंगाळलेल्या दुखण्यावर काय, याचा पुरावा लेचापेचा आहे. तुमच्या तिघांना गोळीने गुण आला की तिसऱ्या महिन्याने, ते सांगता येत नाही, कारण तेव्हा तसंही बऱ्याच जणांचं उतरतं. माझे काही वरिष्ठ मात्र ठामपणे देतात, त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेलेच असतील तर संधिवाततज्ज्ञ कधी मेथोट्रेक्सेट सुरू करतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते, म्हणून इथे तिचा डोस लिहीत नाही.

---

तात्या_नागपूर | दुपारी ४:४५

साडू म्हणतो, डॉक्टरच चिठ्ठी देतात, मी काहून नाही म्हणू. त्याचंही खरं आहे ना.

---

सायली_प | २ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नऊ आठवडे झाले. क्रिएटिनिन १.० वर आलं, पायांची सूज गेली, बीपी वाढीव गोळीशिवाय १३६. साखर पुन्हा १५०च्या आसपास. मूठ वळायला आता वीस मिनिटं लागतात. टाचा मात्र तशाच आहेत, आणि मधे दोन दिवस पाऊस पडला तेव्हा पुन्हा अंथरुणात होती. मुंग्या नाहीत, विचारलं. पॅरासिटामॉल चारवरून तीनवर आणली आहे.

दिवाळीत तिने फराळ करायला घेतला होता, पहिल्या घाण्यानंतर शेजारच्या काकूंनी झारा काढून घेतला. २८ नोव्हेंबरला तीन महिने होतात. तेव्हाही सूज राहिली तर संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे.

---

प्रभाकर_बार्शीकर | रात्री १०:४१

तांब्या उचलते का?

---

सायली_प | रात्री १०:४३

तांब्या उचलते काका. कळशी नाही.